पूर्वपक्ष आधी, निर्णय मागून: पॅरिसच्या स्कोलॅस्टिक वर्गात ख्रिस्ती धर्मतत्त्वांची घडी कशी बसली?

सांजवात

गेलं वर्षभर रात्रीची आवराआवर झाली की मी तेराव्या शतकात पॅरिसला शिकवणाऱ्या थॉमस अक्वायनसच्या 'सुम्मा थिऑलॉजिए'च्या भाषांतराची दोन-तीन पानं वाचते. ख्रिस्ती धर्मतत्त्वांचा एवढा मोठा ग्रंथ, तेव्हा देव असा आहे, माणसाने असं वागावं, अशी एकामागून एक विधानं येतील असं मला वाटलं होतं. पहिलं पान उघडलं तर पहिलाच प्रश्न: तत्त्वज्ञान असताना आणखी एखाद्या विद्येची गरज आहे का? आणि त्याखालची पहिली ओळ: गरज नाही असं दिसतं. थिऑलॉजीचा ग्रंथ, आणि त्याची सुरुवात 'थिऑलॉजी नको' या म्हणण्यापासून! त्या रात्री बराच वेळ पुस्तक खाली ठेववलं नाही.

सबंध ग्रंथ याच साच्याचा आहे. ५१२ मोठे प्रश्न, त्यांच्या पोटात अडीच हजारांहून जास्त छोटे प्रश्न. प्रत्येक छोट्या प्रश्नात आधी थॉमसच्या मताविरुद्धचे आक्षेप येतात, बहुतेक वेळा तीन. मग 'पण याउलट' म्हणून बायबलचं किंवा एखाद्या जुन्या आचार्याचं वचन. मग 'माझं उत्तर असं' म्हणून त्याचा स्वतःचा निर्णय. आणि शेवटी, बहुतेक वेळा, प्रत्येक आक्षेपाला वेगळं उत्तर.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. पहिल्या भागातला सेहेचाळिसावा प्रश्न. जगाला सुरुवात आहे, हे तर्काने सिद्ध करता येतं का? ख्रिस्ती माणसाला जगाला सुरुवात आहे हे मान्यच आहे, बायबलची पहिली ओळ तीच आहे. त्यामुळे थॉमस सिद्ध करून मोकळा होईल असं मी धरून चालले होते. आक्षेपांच्या जागी आहेत जगाची सुरुवात सिद्ध करणारे युक्तिवाद! त्यातला एक असा: जग अनादी असतं तर आजच्या दिवसाआधी अनंत दिवस होऊन गेले असते. अनंत अंतर कुणालाच पार करता येत नाही, मग आजचा दिवस उगवलाच नसता. तो उगवला आहे, म्हणजे जगाला सुरुवात आहे.

मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला होता. थॉमस म्हणतो, पार करणं म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणं. मागचा कुठलाही एक दिवस बोट ठेवून दाखवा, त्या दिवसापासून आजपर्यंतचे दिवस मोजके भरतील. तुमच्या आक्षेपात दोन टोकं धरून मधे अनंत दिवस घातलेत, पण अनादी जगाला ते पहिलं टोक नसतंच.

म्हणजे आपल्याच बाजूच्या पुराव्याला तो स्वतः नापास करतो. निर्णय काय? जगाला सुरुवात आहे हे केवळ श्रद्धेने धरायचं, ते सिद्ध होत नाही. आणि कच्चे पुरावे पुढे करू नका, नाहीतर श्रद्धा न ठेवणारे हसतील, त्यांना वाटेल की आपण असल्या कारणांवर विश्वास ठेवतो.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा साचा थॉमसचा एकट्याचा की तेव्हाच्या विद्यापीठांतल्या, ज्याला स्कोलॅस्टिक म्हणतात त्या शिक्षणाचाच? आणि हे अडीच हजार सुटे प्रश्न एका व्यवस्थेत बसवले कुणी, कशाच्या आधारावर?

---

रोखठोक

लेख आवडला, पण मला यात फार कौतुक करण्यासारखं दिसत नाही. विद्यापीठं चर्चने स्थापन केली ती आपली मतं पोरांच्या गळी उतरवायला. निष्कर्ष आधीच ठरलेला असतो, आक्षेप नुसते शोभेला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्रैक्य थॉमस नाकारणार होता का? सुईच्या टोकावर किती देवदूत नाचू शकतात यावर वाद घालणारी हीच ती मंडळी. तर्कशास्त्र यांनी वापरलं हे खरं, पण मालकाने ठरवलेल्या घराला खिडक्या बसवायला.

---

गंगथडी

सांजवातताई, आधी रोखठोक यांच्या मुद्द्यावर बोलतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच निघतं.

पॅरिसचं विद्यापीठ एखाद्या दिवशी नारळ फोडून सुरू झालेलं नाही. नोत्र दामच्या कॅथेड्रलभोवती आणि सीन नदीच्या डाव्या काठावर शिकवणारे बरेच आचार्य होते. त्यांनी सुतार-विणकरांच्या संघासारखा आपला संघ बांधला. 'युनिव्हर्सितास' या शब्दाचा अर्थच तेव्हा संघ असा होता. कॅथेड्रलचा चॅन्सेलर शिकवण्याचा परवाना द्यायचा आणि संघाचं त्याच्याशी सतत वाजायचं. १२२९ साली कार्निव्हलच्या दिवसांत एका दारूच्या दुकानात बिलावरून मारामारी झाली, राणीच्या शिपायांच्या हातून विद्यार्थी मारले गेले, आणि आचार्यांनी शिकवणं बंद करून शहर सोडलं. दोन वर्षं वर्ग बंद. १२३१ मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी सनद देऊन संघाला स्वतःचे नियम करण्याचा आणि अन्याय झाला तर वर्ग बंद ठेवण्याचा हक्क मान्य केला. तेव्हा पोपचा आधार होता हे खरं, पण 'चर्चने काढलं' हे अर्धंच खरं. बोलोन्याकडे पाहा, तिथे संघ विद्यार्थ्यांचा होता, मुख्य विषय कायदा, आणि थिऑलॉजीची शाखा तिथे चौदाव्या शतकात आली. तेराव्या शतकात थिऑलॉजी शिकायची तर पॅरिस, त्याखालोखाल ऑक्सफर्ड.

सुईच्या टोकाचा प्रश्न मध्ययुगीन ग्रंथांत नाही. तो सतराव्या शतकातल्या प्रोटेस्टंट लेखकांनी खिल्ली उडवायला वापरलेला आहे. थॉमसने विचारलंय ते वेगळं: एका जागी एकाच वेळी अनेक देवदूत असू शकतात का? उत्तर आहे, नाही. कारण देवदूताला शरीर नाही, तो 'जागेवर' असतो म्हणजे तिथे त्याची शक्ती काम करते, आणि एकाच कार्याची दोन पूर्ण कारणं असू शकत नाहीत. प्रश्न कार्यकारणाचा आहे, देवदूत हे निमित्त.

आता साचा. तो थॉमसच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीपासून घडत होता. ११२० च्या दशकात पीटर आबेलारने 'होय आणि नाही' नावाचा संग्रह केला. १५८ प्रश्न, आणि प्रत्येकाखाली चर्चच्या जुन्या आचार्यांची परस्परविरोधी वचनं समोरासमोर. उत्तर एकाचंही दिलं नाही. प्रस्तावनेत मात्र ही वचनं कशी वाचायची ते सांगितलं. एकच शब्द दोघांनी वेगळ्या अर्थाने वापरला आहे का ते पाहा. लेखक दुसऱ्याचं मत सांगतोय की स्वतःचं? त्याने ते मत नंतर मागे घेतलं का, जसं ऑगस्टिनने म्हातारपणी स्वतःच्याच पुस्तकांची तपासणी करून घेतलं? नक्कल उतरवणाऱ्या लेखनिकाची चूक आहे का? त्याचं उदाहरण त्याने थेट बायबलमधून घेतलं: येशूला क्रूसावर चढवलं ते मार्क म्हणतो तिसऱ्या तासाला, आणि योहानाच्या हिशेबाने सहावा तास उलटत होता. तेही लेखनिकाच्या चुकीवर टाकायला तो तयार होता. इतकं करूनही विरोध मिटला नाही तर कोणाचा अधिकार मोठा ते ठरवा. शंकेतून आपण शोधाकडे जातो आणि शोधातून सत्याकडे, हे त्याचं म्हणणं.

आबेलारवर दोन धर्मसभांत ठपका आला, ११२१ ला सोआसाँमध्ये त्याला स्वतःच्या हाताने आपलं एक पुस्तक आगीत टाकावं लागलं. पण पद्धत टिकली.

सांजवातताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रात्री लिहितो, हात दुखला.

---

दर्शनविद्यार्थी

हा धागा वाचताना सारखं वाटत होतं की हे आपल्या ओळखीचं आहे. पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, एकेका मुद्द्याचं अधिकरण अगदी असंच चालतं: विषय, त्यावर संशय, मग पूर्वपक्ष, मग सिद्धान्त, आणि मागच्यापुढच्याशी संगती. मी संस्कृत एम.ए. करताना त्यावरचं शाबरभाष्य वाचलंय, तिथेही पूर्वपक्ष इतका जोरात मांडतात की पहिल्या वाचनात तोच लेखकाचा पक्ष वाटतो. आपल्याकडे पूर्वपक्ष नीट मांडता आला नाही तर सिद्धान्तालाही मान नसतो. अरबांच्या हातून हे तिकडे गेलं असेल का?

---

गंगथडी

साम्य खरं आहे, आणि मलाही ते सुखावतं. पण तिकडचा रस्ता पायरी-पायरीने दिसतो, त्यात मधे भारताची गरज पडत नाही. आबेलारच्याच पिढीत, ११४० च्या आसपास, बोलोन्याला ग्रेशनने चर्चच्या कायद्याचा संग्रह केला, त्याचं नावच 'न जुळणाऱ्या नियमांची जुळणी' अशा अर्थाचं आहे. दोन जुने निवाडे उलटसुलट आले की भेद दाखवून दोन्ही टिकवायचे, हे वकिली काम. त्याला ॲरिस्टॉटलच्या तर्काची जोड मिळाली. अरबांकडून आलं ते ॲरिस्टॉटल आणि त्यावरची इब्न सीना, इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्वज्ञांची भाष्यं. दोन्हीकडे अधिकारी ग्रंथ एक, त्यातली वचनं परस्परविरोधी, आणि शिष्य समोर बसलेले. गरज सारखी असली की हत्यारंही सारखी घडतात, असं मला वाटतं.

आता व्यवस्था कुणी लावली ते. आबेलारच्या संग्रहानंतर तीसेक वर्षांनी, ११५० च्या दशकात, पीटर लोम्बार्डने पॅरिसला चार भागांत आचार्यांच्या मतांचा संग्रह केला. पहिल्यात देव आणि त्रैक्य, दुसऱ्यात सृष्टी आणि पतन, तिसऱ्यात ख्रिस्ताचा अवतार आणि सद्गुण, चौथ्यात बाप्तिस्म्यासारखे संस्कार आणि अंतकाळ. संस्कार सातच, ही यादी पक्की होण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. लोम्बार्डची प्रतिभा आबेलारएवढी नव्हती, पण तो उत्तर द्यायचा, आणि सावध द्यायचा. मग १२२० च्या दशकात हेल्सच्या अलेक्झांडरने बायबलच्या जोडीला हे पुस्तक वर्गात पाठ्यपुस्तक म्हणून लावलं आणि त्याचे छोटे पाठ पाडले.

इथे विद्यापीठाचं काम दिसतं. थिऑलॉजीचा आचार्य व्हायचं तर १२१५ च्या नियमाने वय ३५ आणि आठ वर्षांचा अभ्यास हवा. पुढे यात अशी पायरी आली की बॅचलरने, म्हणजे आचार्यपदाच्या वाटेवरच्या विद्यार्थ्याने, लोम्बार्डच्या चारही भागांवर वर्गात व्याख्यानं द्यायची. बोनाव्हेंचरने दिली, थॉमसने दिली, डन्स स्कोटसने दिली, १५०९ मध्ये लूथरनेही दिली. जवळजवळ तीनशे वर्षं प्रत्येक थिऑलॉजियन एकाच क्रमाने त्याच प्रश्नांवर बोलला. 'दुसऱ्या भागाचा पहिला पाठ' म्हटलं की ऑक्सफर्डच्या माणसाला कळायचं की पॅरिसचा माणूस जगाच्या सुरुवातीबद्दल बोलतोय. माझ्या मते व्यवस्था मुळात इथून आली. बुद्धिमान माणसं आधीही होती, पण सगळ्यांना एकाच रुळावरून नेणारा अभ्यासक्रम नव्हता.

आणि तोंडी वाद. आचार्य प्रश्न जाहीर करायचा. पहिल्या दिवशी समोरून आक्षेप यायचे आणि त्याचा बॅचलर उभा राहून ते परतवायचा. दुसऱ्या दिवशी आचार्य सगळे आक्षेप क्रमाने लावून आपला निर्णय द्यायचा आणि उरलेल्यांची उत्तरं. सांजवातताई, तुमच्या पुस्तकातलं पान म्हणजे त्या दोन दिवसांचं आटवलेलं दूध आहे. नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात तर खुला वाद असायचा, कुणीही काहीही विचारावं. थॉमसला एकदा विचारलं होतं की सत्य बलवान, की राजा, की दारू, की स्त्री?

---

अनुपमा_के

मी इतिहासाची नाही, विषयाला सोडून होत असेल तर माफ करा. 'स्कोलॅस्टिक' वाचून मला वाटलं शिष्यवृत्तीवर काही आहे म्हणून धागा उघडला आणि मग वाचतच गेले. माझा एलएलएमचा प्रबंध होता तेव्हा मी एका प्रकरणात माझ्या मताविरुद्धचे निवाडे पूर्ण ताकदीने मांडले होते. गाइडने ते प्रकरण अर्धं कापायला लावलं, म्हणाले, 'परीक्षकाच्या हातात काठी कशाला देतेस?' मी कापलं. आज सात वर्षांनी वाटतं, त्या प्रबंधात नुसती अवतरणं उरली. तुमच्या या लोकांना असं वाटत नव्हतं का की आक्षेप इतके नीट लिहिले तर विद्यार्थी तेच घेऊन जातील?

---

गंगथडी

अनुपमाताई, विषय मुळीच सोडलेला नाही. नेमका हाच प्रश्न थॉमससमोर अशाच एका खुल्या वादात आला होता: आचार्याने निर्णय अधिकारी वचनाने द्यावा की कारणाने? तो म्हणाला, वाद कशासाठी चाललाय ते पाहा. समोरच्याच्या मनातली 'हे असं आहे का' ही शंका काढायची असेल तर त्याला मान्य असलेलं वचन पुरे. समोर ज्यू असेल तर जुना करार, वचनंच न मानणारा असेल तर फक्त तर्क. पण वर्गात शिकवायचं असेल तर सत्याच्या मुळाशी नेणारी कारणं दिलीच पाहिजेत. नाहीतर ऐकणाऱ्याची खात्री होईल की हे असं आहे, पण त्याच्या हाती ज्ञान काही लागणार नाही, तो रिकामाच परत जाईल.

---

मडगांवकार

हांव गोंयचो. मराठी शाळेत शिकलो म्हणून इथे लिहितो, चुकल्यास सांभाळून घ्या.

माझे थोरले मामा पाद्री होते, पन्नासच्या दशकात सेमिनरीत शिकले. त्यांच्या वेळी हा वाद लॅटिनमध्ये प्रत्यक्ष करायला लावत. समोरचा अनुमान मांडणार, आणि उत्तर देणाऱ्याने आधी ते शब्दश: परत म्हणायचं. चुकलं तर पुन्हा. मग प्रत्येक विधानावर तीनपैकी एक शब्द: 'कोंचेदो', मान्य. 'नेगो', अमान्य. 'दिस्तिंगुओ', भेद करतो. मामा म्हणायचे, पहिले दोन कुणालाही येतात, तिसरा यायला वर्षं जातात. घरी जेवताना आजी म्हणाली 'तुका म्हजी याद येना' तर मामा हात वर करून 'दिस्तिंगुओ!' म्हणत आणि आजीला हसू आवरत नसे.

सांजवातबाईंच्या त्याच प्रश्नात हा तिसरा शब्द कसा चालतो ते मामांनी मला हातोडीच्या उदाहरणाने समजावलं होतं. आक्षेप असा: जग अनादी असेल तर बापाआधी बाप, त्याआधी त्याचा बाप, कारणांची माळ अनंत होते आणि अनंत कारणं अशक्य. थॉमस म्हणतो, भेद करतो. एक माळ अशी की प्रत्येक कडी या क्षणी पुढच्या कडीला हलवतेय: हात काठीला, काठी दगडाला. ही अनंत चालणार नाही, पहिला हलवणारा लागेलच. दुसरी अशी की सुतार एक हातोडी मोडली की दुसरी घेतो, मग तिसरी. हातातल्या हातोडीचं काम मागच्या मोडक्या हातोड्यांवर अवलंबून नाही. बाप-लेकाची माळ या दुसऱ्या जातीची. म्हाताऱ्याने मुलाला जन्म दिला तो माणूस म्हणून, कुणाचा तरी मुलगा म्हणून नव्हे. ती कितीही मागे जावो, तर्काला अडचण नाही.

याच भेदामुळे तो एकीकडे देव आहे हे सिद्ध करतो आणि दुसरीकडे जगाची सुरुवात सिद्ध होत नाही म्हणतो. मला आधी हे उलटसुलट वाटायचं.

गोव्याशी धागा म्हणाल तर जेज्विट या पाद्र्यांच्या संघाच्या १५९९ च्या अभ्यासक्रमाने थिऑलॉजीत थॉमसला प्रमाण मानलं. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचं क्रिस्तपुराण मराठीत छापलं गेलं. पण तिथे साचा वेगळा, ओवीत कथा. आक्षेपांची यादी करून ओवीत गाता येणार नव्हती, हे त्यांना कळलं असावं.

---

दर्शनविद्यार्थी

हातोडीचं उदाहरण उत्तम. आमच्याकडे बीजांकुरन्याय हाच: बी आधी की अंकुर? तिथली अनवस्था, म्हणजे न संपणारी माळ, दोषाची मानत नाहीत. मामांच्या भाषेत दुसऱ्या जातीची माळ.

---

पोथीवाला

मी पोथ्यांच्या जतनाचं काम करतो म्हणून वेगळाच प्रश्न. इतके विद्यार्थी, छापखाना नाही, आणि वाद शब्दावरून चालणार. मग सगळ्यांच्या हातात एकच पाठ कसा असायचा? आमच्याकडे एकाच ग्रंथाच्या चार पोथ्या घेतल्या तर चार पाठ निघतात.

---

गंगथडी

छान विचारलंत. पॅरिसमध्ये विद्यापीठाच्या देखरेखीखाली पुस्तकवाले असत. त्यांच्याकडे तपासलेली एक मूळ प्रत सुट्या गड्ड्यांत ठेवलेली असे, एक गड्डा बहुधा चार पानांचा. त्याला 'पेचिया' म्हणत. विद्यार्थी किंवा लेखनिक एक गड्डा ठरलेल्या भाड्याने घरी नेऊन उतरवायचा, परत देऊन पुढचा न्यायचा. त्यामुळे एकाच ग्रंथाची एकाच वेळी दहा-वीस जण नक्कल करू शकत, आणि सगळ्या नकला एकाच मुळावरून. पुस्तकवाल्यांच्या भाड्याच्या याद्या अजून शिल्लक आहेत, त्यात थॉमसचे ग्रंथ गड्ड्यांच्या संख्येसह सापडतात. चुका व्हायच्याच, एखादा गड्डा दुसऱ्याने नेलेला असला की लेखनिक जागा सोडून पुढे जायचा. आजचे संपादक अशा सोडलेल्या जागांवरून आणि बदललेल्या शाईवरून ओळखतात की नक्कल गड्ड्यांवरून झाली.

थॉमसचं स्वतःचं अक्षर इतकं वाईट होतं की त्याच्या हस्ताक्षराला 'न वाचता येणारं' असंच नाव पडलंय. पुढे तो बहुतेक तोंडी सांगायचा आणि लेखनिक उतरवायचे.

---

रोखठोक

देवदूतांबद्दल मी चुकलो, मान्य. विद्यापीठाबद्दलही थोडं मागे घेतो. पण मूळ मुद्दा सोडत नाही. १२१० मध्ये पॅरिसला ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांवर बंदी आली की नाही? आणि १२७७ मध्ये बिशप ताँपिएने २१९ विधानं निषिद्ध ठरवली, ती शिकवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही बहिष्काराची धमकी देऊन. इतकं सगळं खुलं होतं तर यादी का काढावी लागली?

---

गंगथडी

दोन्ही खरं आहे. १२१० ची बंदी १२१५ मध्ये पुन्हा घातली. १२३१ मध्ये ग्रंथ तपासून शुद्ध होईपर्यंत थांबा असा आदेश आला. पण १२५५ मध्ये कलाशाखेने जवळजवळ सगळा ॲरिस्टॉटल अभ्यासक्रमात लावला. पंचेचाळीस वर्षांत बंदीपासून पाठ्यपुस्तकापर्यंत. म्हणून तर सांजवातताईंचा प्रश्न त्या काळी जिवाचा होता: ॲरिस्टॉटल म्हणतो जग अनादी, आणि तोच वर्गात शिकवायचाय.

यावर तीन बाजू झाल्या. कलाशाखेतले काही जण म्हणू लागले की तत्त्वज्ञानाच्या हिशेबाने जग अनादीच ठरतं. बोनाव्हेंचर म्हणाला, उलट आहे, अनादी जग ही कल्पनाच विसंगत आहे आणि ते मी सिद्ध करतो. अनंत दिवस पार होत नाहीत हा सांजवातताईंना बिनतोड वाटलेला युक्तिवाद त्याचाच एक. थॉमस मधे उभा राहिला: जग अनादी आहे हेही सिद्ध होत नाही, त्याला सुरुवात आहे हेही होत नाही. असंच मत थॉमसच्या आधी ज्यू पंडित मायमोनिडीसने मांडलं होतं. म्हणजे एका शहरात, एका संघात, तीन उत्तरं.

पण १२७७ ची यादी थॉमसच्या मृत्यूला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, ७ मार्चला निघाली, आणि त्यातली काही विधानं त्याच्या मतांना लागून होती. १३२३ मध्ये त्याला संतपद मिळालं, आणि १३२५ मध्ये पॅरिसच्या पुढच्या एका बिशपने ती यादी थॉमसला लागू होते तिथवर मागे घेतली. तेव्हा रोखठोक, कुंपण होतं. काही अभ्यासक म्हणतात, 'देव पोकळी निर्माण करू शकत नाही असं म्हणू नका' अशा मनाईमुळेच लोक ॲरिस्टॉटलपलीकडचा विचार करू लागले. काही म्हणतात, हे नंतरचं समर्थन. मला पहिली बाजू थोडी ओढूनताणून वाटते.

---

रोखठोक

मग कुंपणाच्या आतली मोकळीक. इतपत मी मान्य करीन, त्यापुढे नाही.

---

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. गंगथडीदादा, तुमच्या उत्तरानंतर सुम्माची छोटी प्रस्तावना पुन्हा काढली. पहिल्यांदा मी ती ओलांडून गेले होते. त्यात थॉमसची तक्रार आहे की नव्या विद्यार्थ्यांना फालतू प्रश्नांचा डोंगर आडवा येतो, आणि विषय शिकण्याच्या क्रमाने येत नाहीत, तर समोरच्या पुस्तकाच्या ओघाने किंवा वादात जसा प्रसंग पडेल तसे येतात. तेच तेच ऐकून विद्यार्थी कंटाळतात आणि गोंधळतात. म्हणजे लोम्बार्डचा रूळ आणि वर्गातला वाद दोन्ही त्याने वीस वर्षं भोगले, आणि मग स्वतःचा क्रम लावला: देव, देवाकडे जाणारा माणूस, आणि त्या वाटेचं नाव ख्रिस्त. दर्शनविद्यार्थी म्हणतात ती 'संगती' तो शोधत होता असं मला वाटतं.

तो क्रम पुराही झाला नाही. ६ डिसेंबर १२७३ नंतर त्याने लेखणी उचलली नाही, मी जे लिहिलं ते मला पेंढ्यासारखं वाटतं, असं सोबत्याला म्हणाला. ग्रंथ पश्चात्तापाच्या संस्कारावर मधेच थांबतो. उरलेला भाग नंतर इतरांनी जोडला, तो त्याच्याच तरुणपणीच्या लोम्बार्डवरच्या व्याख्यानांतून कापून.

एक शंका राहिली आहे, मडगांवकार, तुमच्या मामांनी यावर काही सांगितलं होतं का ते आठवून पाहा. त्याच प्रश्नातला शेवटचा आक्षेप: जग आणि माणूस अनादी असतील, आणि आत्मे अमर असतील, तर आजपर्यंत मेलेल्यांचे अनंत आत्मे या क्षणी एकाच वेळी अस्तित्वात असायला हवेत. इथे हातोडीचं उत्तर चालत नाही, कारण मोडक्या हातोड्या उरत नाहीत, आत्मे उरतात. थॉमस इतरांच्या पळवाटा मोजतो: कुणी म्हणतं आत्मा मरतो, कुणी म्हणतं सगळ्यांचा मिळून एकच उरतो, कुणी म्हणतं तेच आत्मे फिरून येतात. पुनर्जन्माचं नाव त्या यादीत पाहून मी दचकलेच. मग तो म्हणतो, जग अनादी आणि माणूस मात्र नंतरचा, असंही कुणी म्हणू शकेल. यावर माझं समाधान झालं नाही. नंतर त्याची जगाच्या अनादित्वावरची वेगळी छोटी पुस्तिका वाचली, तिथे हा आक्षेप बाकीच्यांपेक्षा अवघड आहे असं तो स्वतः कबूल करतो, आणि पुढे एवढंच लिहितो की प्रत्यक्षात अनंत वस्तू देवाला निर्माण करता येत नाहीत हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

---

मडगांवकार

मामांची वही भावाकडे म्हापशाला आहे. लॅटिनमध्ये आहे, पण रविवारी जाऊन सेहेचाळिसावा प्रश्न काढून बघतो. त्यांनी समासात काहीतरी लिहिलंय एवढं आठवतं.